टू-बीची रुजुवात आणि एक लहानसा मॅक्रो

दरमहा विवरणपत्र भरणाऱ्या व्यापाऱ्याच्या दफ्तरात महिन्याच्या चौदा तारखेपासून वीस तारखेपर्यंतचे दिवस विशेष धावपळीचे असतात. चौदा तारखेस वस्तू व सेवा कराच्या संकेतस्थळावर मागील महिन्याचे जीएसटीआर-२बी हे पत्रक सिद्ध होते, आणि वीस तारखेपर्यंत ३बी हे विवरणपत्र भरून कर चुकता करावयाचा असतो. १ जानेवारी २०२२ पासून कायद्याच्या कलम १६ मध्ये अशी तरतूद आली, की खरेदीवर भरलेल्या कराची वजावट घ्यावयाची तर विकणाऱ्याने ते बीजक आपल्या विवरणपत्रात दाखविलेले असले पाहिजे आणि ते घेणाऱ्याच्या पत्रकात उतरलेले असले पाहिजे. तेव्हापासून आपल्या खरेदीवहीतील प्रत्येक बीजक शासनाच्या पत्रकाशी ताडून पाहणे, म्हणजेच टू-बीची रुजुवात, हे काम लहानातल्या लहान पेढीलाही चुकलेले नाही. लहान पेढ्यांकडून एक्सेलच्या मॅक्रोची जी मागणी येते तिच्यात या कामाचा वाटा मोठा आहे. आणि मॅक्रो लिहिण्याच्या या व्यवसायात काम कसे आखावे व ते सोपविल्यानंतर कसे सांभाळावे, हे समजून घेण्यास याहून चांगले उदाहरण मला तरी दिसत नाही.

नमुन्यादाखल अशी एक पेढी घेऊ, की जी नाशिकच्या सातपूर औद्योगिक वसाहतीतील कारखान्यांना बेअरिंगे, पट्टे आणि नटबोल्ट पुरविते, जिची खरेदी गोदामातील कारकून एक्सेलच्या वहीत उतरवितो आणि जिचे हिशेब सनदी लेखापालाच्या कचेरीत लिहिले जातात. महिन्याला तीनशेच्या आसपास खरेदीची बीजके येतात, आणि ती एकेक करून पत्रकाशी ताडण्यात हिशेबनिसाचे तीन दिवस जातात. मालक म्हणतात, “साहेब, आम्हांला फार काही नको. एक बटण द्या. दाबलं, की काय जुळलं आणि काय नाही ते समोर आलं पाहिजे.” मागणी रास्त आहे, परंतु ‘जुळणे’ म्हणजे नेमके काय, हे या वाक्यात कोठेही सांगितलेले नाही, आणि मॅक्रो लिहिणाऱ्याचे खरे काम तेथूनच सुरू होते.

प्रथम एक प्रश्न विचारून घ्यावा, की पेढीच्या किंवा लेखापालाच्या हिशेबप्रणालीत ही सोय आधीच आहे काय; कारण ती असेल, तर मॅक्रो न लिहिण्याचा सल्ला देणे हाच प्रामाणिक व्यवहार होय. ती नसेल, तर एक संपूर्ण दुपार हिशेबनिसाच्या शेजारी बसून, त्याला मध्ये न अडविता, तो हे काम हाताने कसे करतो ते पाहावे. मालकाने सांगितलेले नियम आणि हिशेबनिसाचे हात यांत नेहमी अंतर असते. आपल्या उदाहरणात हिशेबनीस बीजकाचा क्रमांक फारसा पाहतच नाही. तो पुरवठादाराचे नाव आणि कराची रक्कम पाहून खूण करतो, एखाद्या नावाशी थबकतो, आणि “हे तिमाही भरणारे आहेत, यांचं जूनशिवाय दिसायचं नाही,” असे म्हणून पुढे जातो. ही माहिती कोणत्याही फाइलीत लिहिलेली नसते. तिच्याविना लिहिलेला मॅक्रो अशा प्रत्येक बीजकाला दरमहा दोषी ठरवील, आणि तिसऱ्या महिन्यापासून त्याच्या यादीकडे कोणी पाहणार नाही.

नंतर तीन जुन्या महिन्यांच्या फाइली मागून घ्याव्यात, आणि त्यांत एक मार्चची असावी. कारण वर्षअखेरीस परत गेलेला माल, क्रेडिट नोटा आणि घाईने चढविलेली बीजके या सर्वांची गर्दी तेथे एकत्र दिसते. या तीन महिन्यांची हाताने केलेली रुजुवात पेढीजवळ असतेच. तीच पुढे कसोटीचा दगड ठरते: मॅक्रोने काढलेला निकाल तिच्याशी जुळला, किंवा जेथे जुळला नाही तेथे कोणाची चूक हे दाखविता आले, म्हणजे काम पुरे झाले असे समजावे, हे सुरुवातीसच कागदावर लिहून घ्यावे.

तो कागद एका पानाचा असावा; पण मोबदल्याची बोलणी होण्यापूर्वी त्यावर उभय पक्षांच्या सह्या असाव्यात. त्यात काय येईल ते लिहावे, आणि काय येणार नाही तेही तितक्याच स्पष्टपणे लिहावे. टू-बीच्या एक्सेल फाइलीत अनेक शीट असतात. साध्या बीजकांचे `B2B`, क्रेडिट-डेबिट नोटांचे `B2B-CDNR`, दुरुस्त केलेल्या बीजकांचे व आयातीचे निराळे. आमच्या पेढीला पहिली दोनच पुरेशी आहेत. दुरुस्त बीजक महिन्याला एखादे येते, ते हिशेबनिसाने डोळ्यांनी पाहावे, असे ठरले तर तसे लिहावे. लिहिले नाही, तर सहा महिन्यांनी “हे तर त्यात धरलंच होतं ना?” हा प्रश्न येतो, आणि त्याचे उत्तर देण्यास दोघांजवळही पुरावा नसतो.

आता जुळण्याचा प्रश्न घेऊ, कारण सगळे मर्म तेथेच आहे. दोन्ही बाजूंच्या बीजकाची ओळख दोन गोष्टींनी पटते: पुरवठादाराचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक आणि बीजकाचा क्रमांक. पहिला तपासणे सोपे आहे. महाराष्ट्रातील पुरवठादाराचा क्रमांक २७ ने सुरू होतो, त्यापुढील दहा अक्षरे त्याच्या पॅनची असतात, आणि शून्याच्या जागी इंग्रजी ओ टंकला गेला तर अखेरच्या तपासणी-अक्षरावरून तो दोष बहुधा पकडता येतो. दुसरा मात्र फार त्रास देतो. कायद्याने बीजकाच्या क्रमांकास सोळा अक्षरांपर्यंत मुभा दिली आहे आणि अक्षरे, अंक, आडवी रेघ व तिरकी रेघ वापरण्यास परवानगी आहे. त्यामुळे पुरवठादाराने `SB/25-26/0047` असे छापलेले बीजक कारकुनाच्या वहीत कधी `SB/25-26/47`, कधी `SB-25-26-0047`, तर कधी नुसतेच `47` असे उतरते.

नवशिका मनुष्य येथे असे करतो, की दोन्हीकडील सर्व रेघा व मोकळ्या जागा पुसून टाकतो आणि उरलेली अक्षरे ताडतो. हा उपाय बहुतेक वेळा चालतो, आणि म्हणूनच तो धोक्याचा आहे. एखादा पुरवठादार क्रमांकापुढे महिना लिहीत असेल, तर डिसेंबरचे पहिले बीजक `1/12` आणि फेब्रुवारीचे अकरावे बीजक `11/2` होते. रेघा पुसल्या, की दोन्ही `112`. डिसेंबरचे न जुळलेले बीजक मागील बाकी म्हणून पुढे ओढले गेले असेल, तर फेब्रुवारीत ते भलत्याच बीजकाशी जुळेल आणि कोणालाही शंका येणार नाही. यास्तव रेघा पुसू नयेत. प्रत्येक रेघेच्या जागी एकच ठरावीक खूण घालावी आणि मग दोन खुणांमधील प्रत्येक तुकड्याच्या आरंभीची शून्ये काढावीत. काम थोडे वाढते, पण `1/12` आणि `11/2` वेगळे राहतात.

याच क्रमांकाच्या बाबतीत एक्सेल स्वतःही एक घोटाळा करून ठेवते. कारकुनाने `1/12` टंकले, की एक्सेल ती तारीख समजते आणि आत एक संख्या साठविते. १ डिसेंबर २०२५ साठी ती संख्या ४५९९२ अशी असते. मूळ काय लिहिले होते हे त्यानंतर निश्चयाने सांगता येत नाही. मॅक्रोने तेथे तर्क लढवू नये. क्रमांकाच्या रकान्यात तारीख आढळली, की ती ओळ सदोष म्हणून वेगळी काढावी व कारकुनाकडे परत द्यावी. आणि पुढे असे होऊ नये म्हणून तो रकाना आधीच टेक्स्ट स्वरूपाचा करून ठेवावा.

तारखांची गोष्ट याहून फसवी आहे. टू-बीमधील तारीख `05/04/2025` अशा मजकुराच्या रूपाने येते, आणि आपल्याकडे ती पाच एप्रिल होय. परंतु व्हीबीएतून हा मजकूर जसाच्या तसा एखाद्या कोठ्यात लिहिला, तर संगणकाची मांडणी भारतीय असली तरीही एक्सेल तो अमेरिकन पद्धतीने वाचते आणि कोठ्यात चार मे उमटते. उलट `25/04/2025` मध्ये पंचविसावा महिना नसल्यामुळे ती तारीख न होता मजकूरच राहते. हा दोष ओळखण्याची खूण सोपी आहे: ज्या रकान्यात काही तारखा उजवीकडे सरकलेल्या आणि काही डावीकडे चिकटलेल्या दिसतात, आणि डावीकडच्या सर्व तारखांचा दिवस बारापेक्षा मोठा असतो, तेथे उजवीकडच्याही बहुतेक चुकलेल्या असतात. त्यावर उपाय एकच, आणि तो म्हणजे दिवस, महिना व वर्ष आपण स्वतः वेगळे करून तारीख बांधणे.

```vba
Function TarikhVacha(ByVal s As String) As Date
    Dim p As Variant
    p = Split(Trim(s), "/")
    TarikhVacha = DateSerial(CInt(p(2)), CInt(p(1)), CInt(p(0)))
End Function
```

क्रमांक शुद्ध केल्यानंतरही नुसते `47` लिहिलेले बीजक जुळणार नाही. त्यासाठी दुसरी फेरी लागते: पुरवठादार तोच, करपात्र रक्कम व कर यांतील तफावत दोन रुपयांच्या आत, तारीख तीच, पण क्रमांक निराळा. अशा जोडीला मॅक्रोने ‘जुळले’ म्हणू नये, ‘संभाव्य’ म्हणावे, आणि शिक्कामोर्तब माणसाने करावे. कारण एकाच दिवशी एकाच भावाने आलेली दोन सारखी बीजके या धंद्यात अपवादात्मक नाहीत. दोन रुपयांची सूटही आपण ठरवू नये. ती मालकाने आणि लेखापालाने ठरवावी, त्या एका पानावर लिहावी, आणि प्रोग्रामात न गाडता मांडणीच्या शीटवरील एका कोठ्यात ठेवावी, म्हणजे उद्या ती बदलण्यास कोणाला बोलवावे लागणार नाही.

समजा, एप्रिलच्या खरेदीवहीत ३१२ बीजके आहेत आणि टू-बीत २९८. एका बीजकात दोन दरांचा माल असला तर वहीत त्याच्या दोन ओळी होतात, म्हणून ओळी आधी बीजकवार एकत्र केलेल्या आहेत. मॅक्रो चालला आणि त्याने सांगितले: २७१ जुळली, १४ संभाव्य, २७ केवळ वहीत, १३ केवळ पत्रकात. हे चार आकडे दाखविण्यापूर्वी मॅक्रोने स्वतः एक बेरीज करावी: २७१, १४ आणि २७ मिळून ३१२; २७१, १४ आणि १३ मिळून २९८. कराच्या रकमांचीही अशीच बेरीज आत आलेल्या एकूण रकमेशी लावावी, आणि एक पैशाचीही तफावत निघाली तर निकाल न देता थांबावे. मी पाहिलेल्या मॅक्रोंत सर्वांत वारंवार उणीव असते ती या बेरजेची. मधली एखादी रिकामी ओळ आल्यामुळे खालच्या चाळीस ओळी वाचल्याच गेल्या नाहीत, हे तिच्यावाचून कळण्याचा मार्ग नाही. आणि `On Error Resume Next` हे वाक्य आरंभीच लिहून सर्व चुका गिळून टाकणारा मॅक्रो तर अशा वेळी यशस्वी झाल्याचा संदेश देतो.

त्या २७ बीजकांचे पुढे काय होते, हे पाहिल्याशिवाय कामाची आखणी पुरी होत नाही. त्यांतील १९ तिमाही विवरणपत्र भरणाऱ्यांची निघाली, पाच पुरवठादारांनी दाखविलीच नव्हती, आणि तिहींत वहीतला जीएसटी क्रमांक चुकला होता. पहिल्या एकोणिसांसाठी थांबावयाचे, पाचांसाठी दूरध्वनी करावयाचा, तिहींची वही सुधारावयाची. अर्थात प्रत्येक महिन्याची बाकी पुढील महिन्यात ओढली गेली पाहिजे, आणि ती कोठवर ओढावी याला कायद्याची मुदत आहे: आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा वार्षिक विवरणपत्र त्याआधी भरले गेल्यास तेव्हापर्यंत, त्या वर्षाची वजावट घेता येते. केवळ पत्रकात असलेल्या तेरांपैकी नऊ कुरियरची व बँकेच्या शुल्काची होती, जी गोदामात येतच नाहीत. उरलेली चार पुरवठादाराने चुकून या पेढीच्या माथी मारलेली होती, आणि ती वजावटीत न घेणे हे घेण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

मॅक्रोची रचना करताना एक नियम मी कटाक्षाने पाळतो, की ज्या फाइलीत मॅक्रो आहे तीत माहिती ठेवावयाची नाही, आणि माहितीच्या फाइली केवळ वाचण्यापुरत्या उघडावयाच्या. मॅक्रोने शीटवर केलेले बदल Undo ने मागे घेता येत नाहीत. कारकुनाची वही एकदा बिघडली, की बिघडली. म्हणून निकाल सदैव नव्या फाइलीत लिहावा. तसेच रकाने अक्षरावरून न घेता मथळ्यावरून शोधावेत. मथळा सापडला नाही, तर कोणता मथळा सापडला नाही ते सांगून थांबावे. हा संदेश मराठीत द्यावयाचा असेल, तर व्हीबीएच्या संपादकात देवनागरी लिहून चालत नाही, तेथे प्रश्नचिन्हे उमटतात, आणि `MsgBox` मध्येही तोच अनुभव येतो. मराठी वाक्ये एका शीटवर लिहून ठेवावीत आणि वेळ आली, की ती एका ठळक कोठ्यात दाखवावीत. हिशेबनिसाला “फाइल चुकीच्या महिन्याची आहे” हे आपल्या भाषेत दिसले, तर निम्मे दूरध्वनी वाचतात.

सोपविण्याच्या दिवशी बहुधा पहिला अडथळा असा येतो, की मॅक्रो चालतच नाही. २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींतील मॅक्रो मुळातच रोखण्यास सुरुवात केली; ई-मेलने आलेली फाइल उघडली, की वर तांबडी पट्टी दिसते. फाइलीच्या Properties मध्ये जाऊन Unblock ची खूण करावी लागते, किंवा फाइल विश्वासाच्या फोल्डरात ठेवावी लागते. हे प्रत्येक संगणकावर स्वतः करून द्यावे आणि त्याच वेळी तेथे खरोखर कोणते एक्सेल आहे ते पाहून घ्यावे. मॅकवरील एक्सेलमध्ये `Scripting.Dictionary` चालत नाही, आणि एक्सेलसारख्या दिसणाऱ्या अन्य प्रणालींत तर व्हीबीए असेलच असे नाही. पेढीचा कारभार गूगल शीट्सवर असेल, तर अडचणी निराळ्या: तेथील स्क्रिप्ट सामान्य खात्यावर एका वेळी सहा मिनिटांहून अधिक चालत नाही, आणि ठरावीक वेळी आपोआप चालणारी योजना ज्याने ती लावली त्याच्या खात्यावर चालते, म्हणून ती नोकराच्या नव्हे, पेढीच्या खात्यावरून लावून घ्यावी.

सोपविल्यानंतरची जबाबदारी हा या व्यवसायातील सर्वांत दुर्लक्षित भाग आहे, आणि तंटे तेथेच होतात. मागाहून येणाऱ्या प्रत्येक तक्रारीची जात तीनपैकी एक असते. ठरल्याप्रमाणे मॅक्रो वागत नसेल तर तो आपला दोष. तो विनामूल्य, मुदतीत दुरुस्त करावा. बाहेरचे जग बदलले असेल तर तो कोणाचाच दोष नव्हे. त्या कामाचा दर आधी ठरलेला असावा. आणि मालकाच्या मनात नवी गोष्ट आली असेल तर ते नवे काम, त्याला नवा कागद. दुसऱ्या जातीचे ठळक उदाहरण ऑक्टोबर २०२४ चे आहे. शासनाने इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टिम सुरू केली, तिच्यात घेणारा प्रत्येक बीजक स्वीकारू, नाकारू किंवा प्रलंबित ठेवू शकतो, आणि चौदा तारखेनंतर असे काही केले तर टू-बी पुन्हा गणून घ्यावी लागते. त्यामुळे चौदा तारखेस उतरविलेली फाइल अंतिमच असते, हे जुने गृहीत ढासळले. ज्या मॅक्रोने पत्रकाच्या `Read me` शीटवरील करकालावधी व निर्मितीची तारीख वाचून निकालावर छापली होती, त्याच्या धन्याला आपण कोणत्या पत्रकावरून बोलत आहोत हे कळले. इतरांना कळले नाही.

करारात उत्तर देण्याची मुदत लिहिताना महिन्याचे सगळे दिवस सारखे मानू नयेत. चौदा ते वीस या दिवसांत त्याच दिवशी उत्तर, एरवी तीन दिवसांत, असे लिहिणे दोघांच्याही सोयीचे आहे. आणि “चालत नाही” या दोन शब्दांवरून दुरुस्ती करावयास बसू नये, यासाठी मॅक्रोने दर वेळी एका नोंदीच्या शीटवर तारीख, चालविणाऱ्याचे नाव, उघडलेल्या फाइलींची नावे, वाचलेल्या ओळींची संख्या आणि स्वतःचा आवृत्तिक्रमांक लिहून ठेवावा. त्या एका ओळीवरून बहुतेक प्रकरणांचा उलगडा बसल्या जागी होतो: कोणी एप्रिलच्या वहीबरोबर मार्चचे पत्रक निवडलेले असते, किंवा तीन महिन्यांपूर्वीची जुनी प्रत एखाद्या संगणकाच्या डेस्कटॉपवर राहून गेलेली असते.

लिहिणाऱ्याने प्रोग्रामाचा पासवर्ड स्वतःजवळ कोंडून ठेवू नये, असे माझे ठाम मत आहे. पैसे पुरे मिळाले, की तो मालकाच्या हाती द्यावा, आणि मांडणीची शीट कशी वाचावी हे हिशेबनिसाबरोबर आणखी एका माणसाला शिकवावे. लिहिणारा उद्या दुसऱ्या गावी गेला तरी पेढीचे विवरणपत्र वीस तारखेस भरले गेलेच पाहिजे. तसेच मॅक्रोची सद्दी केव्हा संपली हेही त्यानेच सांगावे. खरेदीची वही दोन गोदामांतून एकाच वेळी लिहिली जाऊ लागली, किंवा पेढीने रुजुवातीची सोय असलेली हिशेबप्रणाली घेतली, की जुन्या मॅक्रोवर नवी कलमे करीत बसण्याऐवजी मागील बाकीची यादी तिकडे नीट उतरवून देऊन तो बंद करावा.

बंद केला तरी त्याने काढलेल्या निकालाच्या फाइली आणि नोंदींची शीट मात्र पुसू नये. वजावट कोणत्या आधारावर घेतली हे चौकशीत दाखविताना त्यांचाच उपयोग होतो, आणि कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणपत्राच्या अखेरच्या तारखेपासून बहात्तर महिने हिशेबाचे दफ्तर जपून ठेवणे व्यापाऱ्यावर बंधनकारक आहे.